तुम्ही विचारलंत म्हणून: आठ मिनिटांचं चालणं

"गुडघे दुखत असताना चालायला सुरुवात केलीत कशी? आणि बूट कोणते घेतलेत?"

आठ मिनिटांपासून केली. पण त्याआधी एक चूक करून झाली होती. वय ५४, अंगात उत्साह, पहिल्याच दिवशी पाऊण तास चालले. चालताना काही जाणवलं नाही, उलट पाय मोकळे झाल्यासारखे वाटले. रात्री उजवा गुडघा सुजला आणि पुढचे चार दिवस कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काकू, चालताना किती दुखलं यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखतंय ते बघा."

मग घड्याळ लावून चार मिनिटं जायचं आणि चार मिनिटांत परत, सपाट रस्त्यावर, एक दिवसाआड. चालताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी दुखणं नेहमीइतकंच असेल तर पुन्हा तेवढंच. आठवडा असा गेला की दोन मिनिटं वाढवायची. मी १४ मिनिटांवर अडकले, गुडघा रोज सकाळी कुरकुरायला लागला. वेळ कमी करूनही फरक पडेना, तेव्हा लक्षात आलं की नव्या वळणावर लांबलचक उतार होता. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीर सावरून धरावं लागतं आणि गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. रस्ता बदलला, कुरकुर थांबली.

आता बूट. जुने बूट टेबलावर ठेवून मागून पाहिले, तर टाचा बाहेरच्या बाजूला झिजून दोन्ही बूट कललेले. दुकानात आधी गादीसारखे मऊ बूट आवडले होते, पण घालून एका पायावर उभी राहिले तर घोटा डगमगला. ते परत ठेवले. नंतर घेतलेला बूट बोटांच्या मुळाशी वाकतो, मधोमध नाही. ओला कपडा पिळावा तसा पिळून पाहिला तर फारसा पिळला जात नाही, आणि टाचेमागची वाटी दाबली तरी चेपत नाही. सपाट, लवचीक बुटांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो असंही म्हणतात. पण गुडघ्याची झीज झालेल्यांवर ऑस्ट्रेलियात सहा महिने केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चालतानाचं दुखणं कमी करायला आधार देणारे, टणक बूटच सरस ठरले. खरेदीला संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवली.

गुडघा मध्येच अडकत असेल, दगा देत असेल किंवा गरम होऊन सुजत असेल, तर मात्र बूट नंतर, आधी डॉक्टर.

सध्या २६ मिनिटं चालते. उद्या सकाळी जिना काय म्हणतो, त्यावर २८ चं ठरेल.