डोकेदुखीच्या वहीतला गोळीचा रकाना

“डॉक्टरांनी डोकेदुखीची वही ठेवायला सांगितली आहे. त्यात रोज नेमकं काय लिहायचं, भाऊ?”

नागपुरात औषधाचे दुकान चालवताना हा प्रश्न मला सर्वांत जास्त मे महिन्यात ऐकू येतो, आणि दुखण्याचे कारण विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते: ऊन लागले. माझ्या वहिनींचेही तसेच होते, म्हणून त्यांचीच वही त्यांच्या संमतीने इथे उघडतो.

पहिल्या आठवड्यात त्यांनी “आज फार दुखले”, “आज बरे” एवढेच लिहिले होते आणि त्यातून काहीच हाती लागत नव्हते. मग आम्ही दर तारखेला एक ओळ आखली आणि दुखले नाही त्या दिवशीही फुली मारायची असे ठरवले, कारण महिन्यात किती दिवस दुखले हे कळायला मोकळे दिवसही वहीत दिसावे लागतात. त्या ओळीत दुखणे कधी सुरू झाले आणि कधी थांबले, एका बाजूला होते की दोन्हीकडे, ठणकत होते की पट्टा आवळल्यासारखे वाटत होते, जिना चढल्यावर वाढले का, मळमळ झाली का, उजेड आणि आवाज नकोसा झाला का, हे यायचे. दहापैकी किती दुखले या आकड्यापेक्षा मला वागण्याची नोंद अधिक विश्वासाची वाटते. कपाळ आवळलेले असूनही माणूस पोळ्या लाटत राहतो, तेव्हा ते बहुधा ताणाचे दुखणे असते. अर्धशिशीत तो कूलरचा आवाजही नको म्हणून अंधाऱ्या खोलीत निश्चल पडतो आणि उपचार न केल्यास तसे ४ ते ७२ तास चालते. याउलट एका डोळ्याभोवती पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी आणि जागेवर बसवत नाही अशी येरझार असेल, तर प्रकार तिसराच, क्लस्टरचा असू शकतो.

मे महिन्याच्या ३१ ओळींपैकी १९ ओळींत वहिनींचे डोके दुखलेले होते. त्यांपैकी ६ दिवस डावी बाजू ठणकणारे, उलटीचे आणि अंधाराचे होते. उरलेले १३ दिवस मंद, दोन्हीकडचे. या तेरांपैकी बहुतेक दिवशी दुखणे अंथरुणातून उठतानाच सुरू झालेले होते, म्हणजे ऊन चढायच्या कितीतरी आधी. मग शेवटचा रकाना मोजला, गोळीचा. वेदनाशामक आणि कॅफिन एकत्र असलेली गोळी त्यांनी १६ दिवस घेतली होती, आणि मार्चपासून असेच चालले होते. हे मला माझ्याच दुकानाच्या बिलांवरून कळले, याची लाज आजही वाटते.

या रकान्यात गोळ्यांची संख्या लिहाच, पण मोजायचे ते दिवस, कारण एकाच दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस धरतात. अशी मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान हे अर्धशिशीच्या झटक्यावरचे औषध महिन्यात १० किंवा अधिक दिवस, अथवा नुसते पॅरासिटामॉल १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले आणि डोकेही महिन्यात पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस दुखत असेल, तर ती गोळीच दुखणे टिकवून धरत असल्याचा संशय घ्यावा लागतो. मूळ अर्धशिशी असलेल्यांत हे विशेष घडते. गोळीचे नाव न लिहिता “पेनकिलर” लिहिले, तर यातली कोणती मर्यादा लावायची हेच ठरत नाही.

डॉक्टरांनी वही पाहून ती गोळी बंद केली. पुढचे आठ दिवस दुखणे वाढले, तेही आम्ही लिहिले. हे वाढणे साधारण दोन ते दहा दिवस टिकते आणि नेमके तेव्हाच माणूस हार मानून पुन्हा पट्टी फोडतो. ज्यांच्या गोळीत कोडीनसारखे अफूवर्गीय औषध असते किंवा जे रोज झोपेच्या गोळ्याही घेतात, त्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता काहीही एकदम थांबवू नये. अचानक क्षणात टोकाला गेलेले दुखणे, ताप आणि ताठलेली मान, बोबडी वळणे, हात-पाय लुळा पडणे, यांतले काही दिसले तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

सप्टेंबरमध्ये दुखण्याचे पाचच दिवस उरले आणि मंद दुखणे विरल्यामुळे त्याच्याखाली दबलेला क्रम दिसू लागला: पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या टापूत तीनपैकी दोन महिने झटका आला होता. पाळीची खूण समासात केली नसती, तर ते कळले नसते.

उन्हाचा रकाना मात्र वहिनींनी सोडला नाही. पुढच्या मे महिन्यात सीताबर्डीहून भर दुपारी परतल्यावर आलेल्या झटक्यापुढे त्यांनी ठळक अक्षरांत “ऊन” लिहिले. मी जेवणाची वेळ विचारली तेव्हा त्याच ओळीत, जरा बारीक अक्षरांत, “जेवण ४ वाजता” हेही आले. डॉक्टरांना दोन्ही दाखवायचे ठरले आहे.