एक किलो फोडींना किती मीठ, किती तेल

आमच्या घरात लोणच्याचं माप आत्याबाईंच्या हातात होतं. परातीत फोडी, त्यावर मुठीनं मीठ, मग जिभेला टेकवून "अजून लागतंय" किंवा "पुरे आता". त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, पण त्यांची मूठ माझी नव्हती. म्हणून एका मृगाच्या तोंडावर मी वजनकाटा घेऊन त्यांच्याशेजारी बसले. त्या टाकायच्या, मी आधी आणि नंतर वजन करायचे. "लोणचं घालायलीस का दुकान मांडायलीस?" असं म्हणून त्यांनी दोनदा काटा बाजूलाही सारला. पण त्यातून जी मापं निघाली, ती आमच्या परभणीच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात टिकली आहेत.

किलो कशाचा, हे आधी ठरवायला हवं. बाजारात गावरान आंबट कैरी अख्खी तोलून घेतो आणि तिथंच अडकित्त्यानं फोडून आणतो. घरी आल्यावर आतली कोय, तिचा पातळ पापुद्रा, देठाकडचा भाग आणि एखादी डागाळलेली कैरी निघून जाते. त्या वेळी ५ किलो कैरीच्या पुसून स्वच्छ केलेल्या फोडी ४ किलो भरल्या होत्या. बाठ्याचं कठीण कवच फोडीला ठेवायचंच, त्यानं फोड वर्षभर मऊ पडत नाही. तरी पाचातला एक किलो गेलाच. कैरीच्या वजनावर मसाला काढला तर तो पाचाचा निघतो आणि पडतो चारात. म्हणून खालची सगळी मापं फोडींच्या वजनावर आहेत.

एक किलो फोडींना मी १७५ ग्रॅम मीठ घेते. त्याच्या जोडीला १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ९० ग्रॅम तिखट, २० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम मेथी आणि १० ग्रॅम पुडीतला हिंग. खडा हिंग असेल तर निम्मा पुरतो. तेल ३०० मिलीलीटर, पण त्याबद्दल पुढं सांगते, कारण तेलाचं माप किलोवर नीट बसत नाही. ४ किलोंचं मीठ ७०० ग्रॅम झालं. वाटीनं मोजू नका. खडे मीठ आणि बारीक मीठ एकाच वाटीत वेगवेगळं भरतं. मी खडे मीठ कढईत कोरडंच गरम करून, ओल घालवून, कुटून घेते आणि मग तोलते.

१७५ हा आकडा जास्त वाटतो, मलाही वाटला होता. पण लोणचं टिकवणारं मीठ फोडीतल्या पाण्यात विरघळलेलं असतं, तेलात मीठ विरघळत नाही. एक किलो फोडींत कवच सोडून साधारण पाऊण किलो पाणी धरा. त्यात १७५ ग्रॅम मीठ गेलं की त्या खाराच्या वजनात मीठ १९ टक्क्यांच्या आसपास येतं. ८० ग्रॅम टाकलं तर ते १० टक्क्यांच्याही खाली राहतं. विकायचं लोणचं मिठाच्या पाण्यात भरायचं असेल तर त्या पाण्यात किमान १२ टक्के मीठ हवं, असा आपल्याकडचा नियम आहे. कैरीचा आंबटपणाही मदतीला असतो, पण आमच्याकडं बरणी पावसाळाभर स्वयंपाकघरातच असते. म्हणून मी काठावर राहत नाही. १५० ग्रॅमच्या खाली मात्र वर्षभराच्या लोणच्यासाठी मी जाणार नाही.

आमच्या पुण्याच्या जाऊबाईंनी नेमकं ते ८० ग्रॅमचं केलं. घरात रक्तदाबाचा त्रास, म्हणून मीठ निम्म्याहून कमी केलं आणि तेलही हात राखून घातलं. दहा-बारा दिवसांनी फोन आला, बरणीचा दादरा फुगल्यासारखा वाटतोय, आत चमचा घातला की बुडबुडे येतात, वास ताडीसारखा आंबूस. मागून आत्याबाईंचा आवाज, "मी म्हणलं नव्हतं का, मीठ कमी टाकलं की बरणी फसफसती." काही दिवसांनी वर पांढरा पापुद्रा आला आणि त्यावर हिरवट केसाळ ठिपके. पापुद्रा काढून खालचं वापरू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. केसाळ बुरशी वर दिसते तेवढीच नसते, तिचे धागे आत उतरलेले असतात. ती बरणी टाकून द्यावी लागली.

बिघाड त्याआधीही कळतो. घातल्या दिवशी लोणचं खारट लागलंच पाहिजे, अगदी तोंड वाकडं होईल इतकं. मीठ तेव्हा बाहेर खारात असतं आणि पंधरा-वीस दिवसांत फोडीत मुरतं. पहिल्या दिवशीच चव "बरोब्बर" लागली, तर ते महिन्याभरात अळणी होणार हे समजा. बुडबुडे दिसायला लागले, पण बुरशी नाही आणि वास बिघडलेला नाही, अशा वेळी किलोमागं ३० ग्रॅम भाजलेलं कोरडं मीठ टाकून तळापासून हलवायचं आणि वरून तेल वाढवायचं. मीठ पाण्यात विरघळवून ओतायचं नाही.

आता घालण्याची रीत. कैऱ्या थंड पाण्यात दोन तास बुडवून, देठाचा चीक धुऊन, कापडानं पुसून वाळवायच्या आणि मगच फोडायच्या. फोडींना आधी फक्त मीठ आणि हळद चोळते आणि झाकून रात्रभर ठेवते. सकाळी तळाला पिवळा खार जमलेला असतो. काहीजणी तो ओतून देतात, "पाणी राहिलं की लोणचं नासतं" म्हणून. पण त्या पाण्याबरोबर तोललेलं मीठही मोरीत जातं आणि वरचा सगळा हिशेब मोडतो. फोडी जरा कोरड्या हव्या असतील तर कापडावर सावलीत पसरा, पण खार जपून ठेवा आणि मसाला कालवताना परत त्यात घाला. मोहरीलाही तो खार हवाच असतो.

मोहरीच्या डाळीची झणझण नुसत्या पुडीत नसते. डाळ ओली झाली की ती तयार होते. कडकडीत तेल तिच्यावर ओतलं की झणझण मरते आणि डाळ कडवट लागते. म्हणून मोहरीची डाळ मी भाजतही नाही आणि गरम तेलाजवळ नेतही नाही. मेथीचं उलटं आहे. ती थोड्या तेलात तळल्याशिवाय कुटायची नाही, आणि तांबूस झाली की लगेच काढायची. काळपट झाली तर १५ ग्रॅमसुद्धा सगळ्या बरणीला कडू करते. तेलाची आच बंद केल्यावर हिंग त्यात घालते, हिंगाला तेवढी धग पुरते. तिखटाचे ९० ग्रॅम आमच्या घरच्या मध्यम तिखट मिरचीचे आहेत. लवंगी असेल तर ६० वर आणा, रंगाची बेडगी असेल तर १२० सुद्धा चालेल. मिठासारखं ते जपायचं कारण नाही, तिखट कमी-जास्त झाल्यानं लोणचं नासत नाही.

तेल. पूर्वी आमच्याकडं करडईचंच असायचं. आता ते महाग पडतं म्हणून मी घाण्याचं शेंगदाणा तेल घेते. धूर निघेपर्यंत तापवायचं, म्हणजे कच्चा वास जातो, आणि मग पूर्ण गार करायचं. पातेल्याच्या तळाला हात लावून बघा, कोमट लागलं तरी थांबा. ४ किलोंना १२०० मिलीलीटर तेल तापवलं. त्यातलं निम्मं मसाल्यात कालवलं आणि उरलेलं बरणी भरल्यावर वरून घातलं.

इथंच किलोचं माप अपुरं पडतं. कोरडा मसाला किती तेल पिणार हे किलोवर ठरतं, पण फोडी बुडायला किती लागणार हे बरणीच्या पोटावर. आतून १६ सेंटीमीटर रुंद असलेल्या उभट बरणीत एक सेंटीमीटरचा थर द्यायला सुमारे २०० मिलीलीटर तेल लागतं. तेच लोणचं २४ सेंटीमीटरच्या पसरट बरणीत भरलं तर तेवढ्याच थराला साडेचारशे लागतं. चार छोट्या बरण्या केल्या तरी मिळून उभट बरणीपेक्षा जास्तच जातं. म्हणून "किलोला पावशेर तेल" हे एकीच्या घरी पुरतं आणि दुसरीच्या घरी फोडी उघड्या पडतात. मी एकच उभट चिनी मातीची बरणी वापरते आणि वर चार बोटं जागा सोडते.

पहिल्या दिवशी दिसलेला थर तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाहीसा होतो, तेव्हा घाबरू नका. मोहरी आणि तिखट तेल पितात. आठवडाभर रोज कोरड्या लाकडी चमच्यानं तळापासून हलवायचं. फोडी आक्रसल्या, खार सुटला की तेल पुन्हा वर येतं. आठव्या दिवशी फोडी दाबून बसवायच्या आणि वर बोटाच्या पेराच्या निम्म्यानं तरी तेल उभं आहे का ते पाहायचं. नसेल तर तापवून गार केलेलं आणखी घालायचं. त्या ४ किलोंना १२०० वर अजून पाव लीटर लागलं, म्हणजे किलोमागं साडेतीनशेच्या वर गेलं. एवढं तेल खाल्लं जातं असं नाही. बरणी संपता संपता बरंचसं तळाशी उरतं, ते मी वरणाच्या फोडणीला आणि कच्च्या चिवड्याला वापरते.

जाऊबाईंना आता मी दोन बरण्या करायला सांगितल्या आहेत. मोठी १७५ ग्रॅमची, बाकीच्यांसाठी. छोटी अर्ध्या किलो फोडींची, त्यात मीठ ४० ग्रॅम, तेल फोडी बुडतील इतकं, आणि ती पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये. ती मुरायला वेळ घेते, फोड करकरीत राहते, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. फ्रिजबाहेर ठेवायची नाही, एवढंच झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय, कारण घरातलं कुणी ना कुणी ती जेवताना ताटाशी आणतं आणि तिथंच विसरतं.