लाईट आहे, तरी कॉम्प्युटर बंद

आमच्या फुलेवाडीत लाईट जाणं नवं नाही. पण माझा डेस्कटॉप बंद पडायचा तो लाईट असताना. संध्याकाळी पंखा रेंगाळत फिरायचा, युपीएस पीं पीं करत राहायचा आणि थोड्याच वेळात स्क्रीन काळी. दोनदा अर्धवट लग्नपत्रिका गेली.

राजारामपुरीतल्या दुकानदारानं विचारलं, "लोड किती हाय तुमचा?" मला सांगता येईना. तो म्हणाला, "मग एक केव्हीएचाच युपीएस न्या की." मित्राचं म्हणणं, स्टॅबिलायझर बसव. दोघांचं ऐकण्याआधी मी मल्टिमीटर घेतला, एसी 750 वर लावला आणि तीन दिवस त्याच सॉकेटमधला व्होल्टेज वहीत लिहिला. सकाळी 225 ते 230. संध्याकाळी साडेसात ते नऊ 160 ते 172. मध्यरात्री एकदा 251.

मग युपीएसच्या पाठीवरचं, धुळीनं भरलेलं स्टिकर पुसलं. इनपुट 180 ते 270. सगळा घोळ तिथंच होता. व्होल्टेज 180 च्या खाली गेला की युपीएसच्या लेखी लाईट गेलेली. तो बॅटरीवर जातो, बॅटरी संपली की बंद. रोजच पार रिकामी होऊन बॅटरीही वर्षाच्या आत गेली होती.

लोड वॉटमीटरवर बघितला: मॉनिटरसकट 140 वॉट. 600 व्हीएचा युपीएस साधारण 360 वॉट पेलतो, म्हणजे मोठा घ्यायची गरजच नव्हती. नुसता स्टॅबिलायझर घेतला असता तर 160 चे 220 च्या आसपास झाले असते, पण लाईट गेल्यावर तो काय करणार? तो युपीएसच्या आधी लावता येतो. मागं मात्र लावायचा नाही; स्वस्त युपीएसची बॅटरीवरची लाट चौकोनी असते, तिनं स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर तापतो.

शेवटी 600 व्हीएचाच घेतला, पण इनपुट 140 ते 300 असलेला. आत एव्हीआर असतो. कमी व्होल्टेज आला की रिले टक् करून व्होल्टेज उचलतो, बॅटरीला हात लावत नाही. 140 च्या खाली तोही बॅटरीवरच जाणार, पण माझ्या वहीत तेवढा आकडा नव्हता. लेझर प्रिंटर मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटला ठेवला. गरम होताना तो एका झटक्यात एवढे वॉट ओढतो की युपीएस ओव्हरलोड होतो.

आता साडेसातला टक् ऐकू येतं आणि काम चालू राहतं. महिन्यातून एकदा फाईल सेव्ह करून युपीएसचा प्लग काढतो आणि घड्याळ लावतो. परवा 17 मिनिटं निघाली.