'हवाला' या एका शब्दापायी: रोजमेळ सीएच्या ऑफिसात नेल्याचा माझा अनुभव

बाबा आणि काकांची कापडाच्या दुकानातली भागीदारी मोडायची ठरली तेव्हा वाद काहीच नव्हता. कोणाचे किती हे वहीत होतं, आणि वही दोघांनाही मान्य होती. बाकी सगळं सुरळीत पार पडलं: मालाची मोजदाद, बँकेची कामं, जागेचा करार. अडलं ते हिशोब छापील स्वरूपात करून घेताना, सीएच्या ऑफिसात.

आमचं दुकान खानदेशातलं. माल मुंबईहून यायचा आणि वह्या लिहिणारे मेहताजी गुजराती. त्यामुळे लाल कापडाच्या आमच्या वह्यांत गुजराती आणि मराठी इतकी एकमेकांत मिसळलेली की बाबांनाही कुठला शब्द कुठला हे सांगता यायचं नाही. एकाच पानावर 'शिल्लक' आणि 'पुरांत' दोन्ही. दोन्हींचा अर्थ एकच, दिवसाअखेर गल्ल्यात राहिलेली रोकड. मेहताजींच्या हाताला जो शब्द आधी आला तो पडला.

सीएंच्या ऑफिसातला मुलगा हुशार होता, कॉम्प्युटरवर हात भराभर चालायचा. पण त्याने आयुष्यात रोजमेळ उघडलेला नव्हता. आमच्या वहीत डावी बाजू जमेची आणि उजवी उधारीची. मराठी दिवाणजी उजव्या बाजूला 'नावे' लिहितात, गुजराती मेहताजी 'उधार'. हा उधार म्हणजे डेबिट. त्याने 'उधार' वाचलं, माल उधारीवर दिला असं समजला आणि ती बाजू क्रेडिटला टाकली. वर इंग्रजी पद्धतीत डेबिट डावीकडे असतं, म्हणून जागाही त्याच्या समजुतीला जुळली. परिणाम असा की ज्यांच्याकडून आमचं येणं होतं, ते सगळे आमचे सावकार झाले. काकांनी तो कागद पाहिला आणि नुसते हसले. मला हसू येत नव्हतं, कारण सगळी टंकलेली खाती पुन्हा उलटी करावी लागणार होती.

दुसरी गंमत सिरा आणि पेट्याची. जुन्या वहीला छापील रेघा नसतात. कागद दुमडून सळ पाडतात, आणि त्या घड्यांचेच रकाने होतात. प्रत्येक बाजूच्या पहिल्या रकान्यात, म्हणजे सिऱ्यात, एकूण रक्कम येते आणि तिचा तपशील आतल्या पेट्यात. एका दिवशी खर्चाच्या सिऱ्यात 3,900 होते आणि आत हमाली 900, गाडीभाडं 2,600, चहापाणी 400. मुलाने दिसेल तो आकडा बेरजेत घेतला आणि खर्च 7,800 केला. तुमच्या बाबतीत असं झालंय का हे ओळखायचं असेल तर पाहा: फरक एखाद्या सिऱ्याच्या रकमेइतकाच निघाला, तर तपशील दोनदा मोजला गेलाय.

हे सगळं तरी एका दुपारी समजावून निभावलं. खरा घोळ पुढे झाला.

तोच दिवस घ्या. महा सुद 5, संवत 2079. शिरपूरच्या एका दुकानदाराकडून आमचं 48,300 येणं होतं, आणि मुंबईच्या पेढीला आम्ही त्याहून बरंच जास्त देणं लागत होतो. शिरपूरवाला खरेदीला मुंबईला निघालेला. बाबांनी त्याला फोनवर सांगितलं, आमच्याकडे कशाला येता, 40,000 परभारे पेढीवरच भरा. त्याने भरले, पेढीचा होकार आला, आणि मेहताजींनी रोजमेळात दोन्ही बाजूंना नोंद घातली. डावीकडे शिरपूरचं खातं जमा 40,000, उजवीकडे मुंबईच्या पेढीचं खातं उधार 40,000, आणि दोन्हींखाली एकच शब्द: हवाला.

आमच्या गल्ल्यातून पैसा गेला नाही, गल्ल्यात आला नाही. एकाचं येणं दुसऱ्याच्या देण्यात वळतं झालं. वहीत हवाला म्हणजे एवढंच. मालक रोकड न हलवता रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतो तेव्हा मेहताजी 'हवालो नाख्यो' म्हणतात. वर्षअखेरीला व्याज, घसारा, भागीदाराची उचल अशा नोंदीही हवाल्यानेच पडतात.

मुलाने शब्द वाचला आणि कीबोर्डवरून हात उचलला. आतून मोठे साहेब आले. त्यांनीही वही पाहिली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे हवाल्याचे व्यवहार तुमच्याकडे नेहमी होतात का?" मी म्हटलं, साहेब, ही वर्ग नोंद आहे. ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. पण यावर मी सही करणार नाही. आधी लेखी खुलासा द्या, मग बघू."

त्यांची भीती अगदीच निराधार होती असं नाही. वर्तमानपत्रात हवाला म्हणजे चोरून पैसा फिरवण्याचा धंदा, फेमा आणि मनी लाँडरिंगची कलमं. शिवाय आपल्या विक्रीकर खात्याने मध्यंतरी खोटी बिलं फाडणाऱ्यांच्या ज्या याद्या लावल्या होत्या, त्यांना सगळं मार्केट 'हवाला डीलर' म्हणायचं. त्यात खरेदीदारही होरपळले. ते सगळं मान्य. पण समोर उघडी वही आहे, दोन्ही खाती नावानिशी आहेत, आणि तरी नुसत्या शब्दापायी फाईल टेबलाच्या कडेला सरकवायची, हे काही मला पटलं नाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा चौकशी केली तेव्हा उत्तर एकच, "साहेबांच्या टेबलावर आहे."

त्या दरम्यान मुलाने स्वतःच्या डोक्याने एक 'दुरुस्ती' करून ठेवली होती, ती मला नंतर कळली. शिरपूरची जमा त्याने ठेवली, आणि मुंबईच्या पेढीची नोंद 'पुरावा नाही' म्हणून बाजूला काढली. आता बघा काय होतं. त्या दिवशी आरंभीची पुरांत 6,420, रोख विक्री 11,250, आणि शिरपूरचे 40,000 धरून डावी बाजू 57,670. उजवीकडे खर्च 3,900, पेढीचे 40,000, आणि अखेरची पुरांत 13,770. बेरीज तीच, 57,670. पेढीची नोंद काढली तर दोन्ही बाजू जुळायला रात्री गल्ल्यात 53,770 असायला हवेत. आणि दुसऱ्या दिवसाच्या पानावर आरंभीची पुरांत लिहिलेली आहे 13,770. हवाल्याची नोंद खरी की नाही याची पहिली कसोटी हीच. ती दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी, सारख्याच रकमेची पडली पाहिजे, आणि पुरांतीला तिचा धक्का लागता कामा नये. धक्का लागला तर कुठेतरी खरी रोकड हलली आहे आणि हवाला हे नुसतं नाव आहे.

शेवटी मी बाबांच्या सांगण्यावरून मेहताजींकडेच गेलो. ते आता घरीच असतात. त्यांनी ते पान पाहिलं, आकड्यांशेजारी मार्जिनमध्ये लिहिलेल्या 'खा.पा.'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे दीकरा, हे कशाला लिहून ठेवलंय मग? दोन पानं दाखव ना तेला!" खा.पा. म्हणजे खाते पान. रोजमेळातली रक्कम खतावणीच्या कुठल्या पानावर चढवली त्याचा आकडा. हवाल्याच्या नोंदीला असे दोन आकडे असतात, शिरपूरच्या पानाचा एक आणि पेढीच्या पानाचा एक. आकडा नसेल तर ती रक्कम खतवायची राहिली असं समजायचं.

मग मी खुलासा लिहिला. त्यात शब्दार्थ कमी आणि कागद जास्त. रोजमेळाच्या त्या पानाची प्रत, खतावणीच्या दोन पानांच्या प्रती, आणि बाहेरचे दोन उतारे. मुंबईच्या पेढीकडून आमच्या खात्याचा उतारा मागवला, त्यात त्याच तारखेला आमच्या नावावर 40,000 जमा होते. शिरपूरवाल्याकडून त्याच्या वहीचा उतारा, त्यात आमच्या खात्यावर 40,000 उधार. बाहेरचे उतारे घ्यायचंच. आपली वही नियमाने लिहिलेली असली तरी नुसत्या तिच्या जोरावर दुसऱ्यावर देणं लागू करता येत नाही, हे पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 34 मध्ये होतं आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 28 मध्ये आहे. साहेबांना हे कलम माझ्या तोंडून ऐकायला आवडलं नाही, पण कागद त्यांनी घेतले.

तारखेवरून पुन्हा एक फाटा फुटला, तो इथेच सांगतो. मुलाने संवतातून सरसकट 57 वजा केले आणि ही नोंद जानेवारी 2022 ची, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षातली ठरवली. कार्तिकात सुरू होणाऱ्या संवतात 57 वजा करायचे ते फक्त डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारी लागला की 56. ती महा सुद 5 म्हणजे वसंत पंचमी, 26 जानेवारी 2023. पेढीच्या उताऱ्यावर इंग्रजी तारीख होती म्हणून वाद मिटला. तुम्ही नेताना प्रत्येक पानावर पेन्सिलीने इंग्रजी तारीख आधीच घालून न्या.

आणि छापील कागदावर 'हवाला' लिहू देऊ नका. 'वर्ग नोंद' किंवा 'जर्नल एंट्री' लिहायला सांगा, वहीत मात्र जे आहे ते तसंच राहू द्या. खाडाखोड केली की खरी वहीही संशयाची होते. शेवटी साहेबांनी सही केली ती याच शब्दावर. आमच्यासमोर मुलाला म्हणाले, "अरे, साधी जर्नल एंट्री तर आहे." मी गप्प बसलो. सही हवी होती.

शिरपूरच्या खात्याचं उरलेलं पण सांगून टाकतो, कारण तिथेही त्यांनी विचारलंच. 8,300 राहिले होते. त्याने नंतर 8,150 रोख दिले. लवकर भरल्याबद्दल 140 सोडले तो वटाव, आणि वरचे 10 सुटे नव्हते म्हणून सोडले ती कसर. तिन्ही मिळून 8,300, खातं बंद. वटाव ठरवून दिलेली सूट असते, कसर हिशोब पुरा करायला सोडलेली चिल्लर. आमच्या वहीत दोन्हींचं खातं एकच, वटाव-कसर. पण कसरीखाली शेकड्यांत रक्कम दिसली तर विचारा, कारण न वसूल झालेलं येणं तिथे लपवायची काहींना सवय असते.

'ह.' या अक्षराचंही बघा, ते हस्ते आहे. पैसे ज्याच्या हातून आले तो माणूस, ज्याचं खातं तो नव्हे. आमच्या टेम्पोवाल्याच्या नावाने त्या ऑफिसात एक स्वतंत्र खातं उघडलं गेलं होतं आणि त्यात लाखाच्या वर जमा होती. आणि जांगड वही वेगळी असेल तर ती सोबत न्या. पसंतीसाठी दिलेला माल विक्रीत धरत नाहीत, तो गिऱ्हाईकाकडे पडून असला तरी आपल्याच साठ्यात मोजायचा. आमचे जांगडीचे बारा तागे काकांनी आठवण केली म्हणून साठ्यात आले, नाहीतर दोघांच्याही वाट्यातून गेले असते.