आतला टॉप आधी, वरचं मग

रात्रीचे साडेअकरा. आज मीटिंगमध्ये परत तेच झालं, पाळी जाण्याच्या वयातला तो हॉट फ्लॅश. आधी छातीपाशी गरम वाफ आल्यासारखं, मग मान, मग कान, आणि बघता बघता पाठीवरून घाम ओघळायला लागला. अंगात डोक्यातून घालायचा बंद गळ्याचा स्वेटर होता आणि आत नुसती जुनी स्लिप, म्हणजे काढायचा प्रश्नच नाही. तशीच बसून राहिले, हातातल्या कागदाने वारा घेत. फ्लॅश तीन-चार मिनिटांत ओसरला पण स्लिप अंगाला चिकटलेली, आणि मग अशी हुडहुडी भरली की पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही.

डॉक्टरांनी मागे समजावलं होतं ते आज नीट पटलं. मेनोपॉजच्या आसपास इस्ट्रोजेन कमी व्हायला लागलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, म्हणजे हायपोथॅलॅमस, फार हळवा होतो, अंग जरासं तापलं तरी त्याला वाटतं खूपच तापलंय, मग तो कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलवतो आणि घाम सोडतो. त्याने अंगातली उष्णता गरजेपेक्षा जास्त निघून जाते, म्हणून नंतर थंडी वाजते. म्हणजे कपडे झटकन निघाले पाहिजेत हे तर झालंच, पण पाच मिनिटांनी तितक्याच सहज परत चढवताही आले पाहिजेत. मी इतके दिवस फक्त "पातळ घालू" एवढाच विचार करत होते.

घरी आल्यावर सगळं कपाट पलंगावर काढलं. पहिला नियम ठरवला की अगदी आतला टॉप असा हवा की तो एकटा घालून चारचौघांत बसता येईल, कारण आतलं दाखवण्यासारखं नसेल तर वरचं कितीही छान असो, ते अंगावरून निघतच नाही. या एका चाळणीत माझ्या निम्म्या जोड्या बाद झाल्या. रंगही बघितला, राखाडी आणि फिक्या निळ्यावर घामाचे डाग लगेच उठतात, गडद निळा किंवा बारीक प्रिंट असेल तर फारसं कळत नाही.

मग कापड. लेबल वाचलीच पण पाण्याचा थेंबही टाकून बघितला. सुती टॉपमध्ये थेंब लगेच जिरला आणि माझ्या सॅटिनच्या ब्लाऊजवर, तो पॉलिस्टरचा आहे, मोत्यासारखा बसून राहिला. खरा धक्का त्या निळ्या टॉपने दिला, बाहेरून शंभर टक्के कॉटन पण आत अस्तर पॉलिस्टरचं! वर्षभर म्हणत होते की हा कॉटनचा असून इतका का उकडतो. आता बाहेरच्या कापडाआधी अस्तर बघायचं.

कॉटनचीही एक अडचण आहे, ते घाम छान पितं पण पटकन सोडत नाही, जाड असेल तर तासभर ओलंच राहतं आणि थंडी त्या ओल्या कापडामुळेच जास्त वाजते. म्हणून आत पातळ आणि सैल कॉटन, वरून समोर पूर्ण उघडणारा लिननचा शर्ट, लिनन लवकर वाळतं. थंडी असेल तर त्यावर एक हलकं लोकरी जॅकेट, तेही समोरून उघडणारं. दोन जाड थरांपेक्षा तीन पातळ बरे, कारण हवं तेवढंच काढता येतं. गळ्याशी काही घट्ट नको, स्कार्फ घेतला तर नुसता खांद्यावर टाकलेला.

शेवटी खुर्चीत बसून काढून बघितलं, कारण फ्लॅश येतो तेव्हा मी बसलेलीच असते. जॅकेट सहज निघालं. लिननचा शर्ट मात्र मनगटाशी अडकला, कफचं बटण लावलेलं होतं आणि मी मुद्दाम हात ओला करून बघत होते, कापड कातडीला चिकटून बसलं. कफ सोडून बाह्या दोन घड्या वर घेतल्या तर एका हाताने निघाला. आता बाह्या दुमडूनच घालणार.

एवढं करून फ्लॅश काही कमी होणार नाहीत, ते कपड्यांचं कामच नाही. रात्री घामाने झोप मोडायला लागली तर डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय, हार्मोनच्या आणि बिनहार्मोनच्या दोन्ही गोळ्या असतात म्हणे, कुठली चालेल ते त्याच सांगतील. आणि घामासोबत ताप असेल किंवा वजन उगाच उतरत असेल तर ते मेनोपॉजच्या खात्यावर टाकायचं नाही, लगेच दाखवायचं.

उद्यासाठी गडद निळा बिनबाह्यांचा टॉप, लिननचा शर्ट, जॅकेट खुर्चीवर काढून ठेवलंय. पर्समध्ये एक कोरडा टॉप घडी करून टाकलाय. दहाला परत मीटिंग आहे, यावेळी खिडकीजवळची खुर्ची धरणार.