किती मागवायचं आणि कधी: बेंटोनाइटच्या पोत्यांनी शिकवलेला हिशेब

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळते. रुजू झाले त्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी सँड प्लँटचा सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, बेंटोनाइट संपलं. शेवटची चार पोती टाकली मिक्सरमध्ये." बेंटोनाइट ही चिकट माती, साच्याची वाळू धरून राहावी म्हणून तिच्यात कालवतात. शेजारच्या फौंड्रीतून चाळीस पोती उसनी आणून ती पाळी कशीबशी निभावली, पण भट्टीत वितळलेलं लोखंड तयार आणि साचे अर्धेच, हे दृश्य मी विसरलेले नाही.

मला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्याकडे बेंटोनाइट कमी मागवत होते असं मुळीच नव्हतं. एका वेळी ८०० पोती, म्हणजे वीस टनांच्या दोन गाड्या यायच्या. गोडाऊनमध्ये ५६० पोती बसतात, उरलेली पॅटर्नच्या खोलीत रचायची. पॅटर्नवाले वर्षभर कुरकुरायचे. इतका माल भरूनही माल संपला, कारण पुढची ऑर्डर कधी द्यायची याचं काही ठरलेलंच नव्हतं. कुणाच्या तरी लक्षात आलं की फोन व्हायचा. 'किती' आणि 'कधी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर कितीही मोठं दिलं तरी दुसरा सुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

एका वेळी किती मागवलं तर वर्षाचा खर्च सगळ्यात कमी येतो ते सांगणारं ईओक्यूचं सूत्र बी.कॉम.ला पाठ केलं होतं. १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने ते मांडलं. ते असं:

```
EOQ = √(2 × D × S ÷ H)
```

D म्हणजे वर्षाचा खप, S म्हणजे एक ऑर्डर देण्याचा खर्च आणि H म्हणजे एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च. D मिळायला एक दिवस लागला. इश्यू स्लिपा मोजल्या, सरासरी रोज १२ पोती, कामाचे ३०० दिवस, म्हणजे ३६०० पोती. S मात्र मी पहिल्यांदा चुकीचा काढला.

गाडी आली की जो जो खर्च होतो तो सगळा मी त्यात घातला. पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, फोन, पाठपुरावा, वजनकाटा, गेट एन्ट्री, लॅबची चाचणी, माल मिळाल्याची पावती आणि बिलाची नोंद मिळून साधारण १००० रुपये. वर हमाली, पोत्याला ५ रुपये म्हणजे ४०० पोत्यांची २००० रुपये. एकूण ३०००. उत्तर आलं ५२० पोती. आमच्या अकाउंटंट साहेबांनी कागदावर एक नजर टाकली आणि विचारलं, "वर्षात एकदा मागवलं काय आणि बारा वेळा मागवलं काय, ३६०० पोत्यांची हमाली बदलणार आहे का?" बदलणार नव्हती. पोत्यामागे लागणारा खर्च ऑर्डर लहान-मोठी करून वाचत नाही, म्हणून तो S मध्ये बसत नाही. गाडीभाड्याचंही तसंच. आमचा पुरवठादार कच्छहून पोच दराने माल देतो, भाडं टनाच्या भावातच धरलेलं असतं, म्हणून मी ते बाहेर ठेवलं. भाडं भरल्या-रिकाम्या गाडीला सारखंच असतं, तर मात्र ते S मध्येच गेलं असतं आणि ऑर्डर बरीच मोठी झाली असती.

पोतं आम्हाला ४०० रुपयांना पडायचं. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज, फाटकी आणि ओल धरलेली पोती, विमा, जागा असं सगळं मिळून वर्षाला २० टक्के धरले, म्हणजे पोत्यामागे ८० रुपये. आता S १००० धरून उत्तर आलं बरोबर ३०० पोती. वर्षाला १२ ऑर्डरी, त्यांचा खर्च १२,००० रुपये. सरासरी साठा निम्मा, १५० पोती, तो ठेवण्याचा खर्चही १२,०००. दोन्ही खर्च समान आले की आकडा बरोबर आहे असं समजावं.

पण ३०० पोती म्हणजे पंधरा टन, आणि पुरवठादार वीस टनाची गाडी भरूनच पाठवायला राजी. मी दोन दिवस याच अडचणीत होते. शेवटी ४०० पोत्यांचा खर्च मांडून पाहिला: ९ ऑर्डरींचे ९,००० आणि २०० पोत्यांच्या सरासरी साठ्याचे १६,०००, एकूण २५,०००. नेमक्या उत्तरापेक्षा वर्षाला फक्त हजार रुपये जास्त! या सूत्राचा हा गुण मला सगळ्यात आवडतो. तळाशी खर्चाची रेघ परातीसारखी सपाट असते, थोडं इकडे-तिकडे सरकलं तर फारसं बिघडत नाही. लांब गेलं की मात्र बिघडतं. जुन्या ८०० पोत्यांच्या पद्धतीचा खर्च ३६,५०० निघत होता. म्हणून S मध्ये शंभर-दोनशेचा घोळ राहिला तर मी आता झोप घालवत नाही, पण पूर्ण गाडीचा आकडा कुठे बसतो ते न चुकता पाहते.

'कधी' या प्रश्नाला जास्त वेळ लागला आणि खरं शिक्षणही तिथेच झालं. पुरवठादार म्हणायचा, "पाच दिवसांत माल पोहोच." मी मागच्या चौदा गाड्यांच्या तारखा गेटच्या रजिस्टरमधून काढल्या आणि मागणीच्या तारखांशी ताडून पाहिल्या. सुट्ट्या वगळून, आम्ही मागणी लिहिल्यापासून पोतं वापरायला मिळेपर्यंत सरासरी ९ दिवस लागत होते, सगळ्यात कमी ७ आणि सगळ्यात जास्त १३. यातले पुरवठादाराचे साधारण सहा. दोन दिवस साहेबांच्या टेबलावर पीओ सहीसाठी पडलेली असायची आणि एक दिवस लॅबच्या मिथिलीन ब्लू चाचणीचा. म्हणजे तीन दिवस आमचे आम्हीच खात होतो, आणि ते मोजल्याशिवाय कुणाच्याच डोक्यात नव्हते.

खपही रोज सारखा नसतो. ८ पासून १६ पोत्यांपर्यंत जातो. जाड कास्टिंगचं काम असलं की साच्याच्या वाळूतली जास्त माती जळून मरते, तिचा चिकटपणा जातो आणि नवीन बेंटोनाइट जास्त घालावं लागतं. मार्चमध्ये तेच झालं होतं. ट्रॅक्टरच्या जड भागांची ऑर्डर लागली होती, आणि स्टोअरला ते कुणी कळवलं नव्हतं.

मग पुस्तकातली रीत लावली. साठा जिथवर उतरला की ऑर्डर द्यायची ती रिऑर्डर लेव्हल. ती म्हणजे जास्तीत जास्त खप गुणिले जास्तीत जास्त दिवस, १६ × १३ = २०८ पोती. सरासरीने माल येईपर्यंत १२ × ९ = १०८ पोती संपतात, म्हणजे १०० पोती हाताशी राहतात. त्या शंभर पोत्यांचे वर्षाला ८,००० रुपये पडतात. साहेबांना हा आकडा दाखवला तेव्हा ते थोडे थांबले, मग म्हणाले, "मार्चची ती एक पाळी याच्यापेक्षा महाग पडली." मालकांनीही मान डोलावली. वरची मर्यादा तपासली: २०८ + ४०० वजा ५६ (रोजचा कमीत कमी खप ८ आणि कमीत कमी दिवस ७) म्हणजे ५५२. गोडाऊनच्या ५६० मध्ये बसलं.

पहिल्याच पावसाळ्यात त्यात एक भोक सापडलं. जुलैत साठा २०८ च्या खाली गेला, मी ऑर्डर दिली आणि दोन दिवस रजेवर गेले. माझ्या जागी आलेल्या मुलाने साठ्याची नोंद असलेलं बिन कार्ड पाहिलं, साठा लेव्हलच्या खाली दिसला, त्यानेही ऑर्डर दिली. दोन गाड्या एकापाठोपाठ आल्या. जागेअभावी बरीच पोती ताडपत्रीखाली बाहेर राहिली. आठवड्याभरात खालच्या थराची पोती हाताला दगडासारखी लागू लागली. फाडून पाहिलं तर आत ओल पिऊन मुठीएवढे गठ्ठे. चूक त्या मुलाची नव्हती. कार्डावर फक्त हातातला साठा होता, वाटेवरचा नव्हता. आता कार्डावर 'मागवलेले' असा वेगळा रकाना आहे, आणि लेव्हलशी तुलना करायची ती दोन्हींच्या बेरजेची.

पावसाळ्याचा दुसरा प्रश्न रस्त्याचा. उत्तरेकडून येणारी गाडी शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडूनच आमच्याकडे येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पुणे-बेंगळुरू महामार्ग तिथे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरात लहान पोरांनाही ठाऊक असतात. चौदा गाड्यांच्या नोंदीतले १३ दिवस हे कोरड्या रस्त्याचे होते, पुराचे नव्हते. म्हणून जुलै-ऑगस्टपुरती लेव्हल ३०० केली. २०८ च्या वरची ही ९२ पोती जास्तीत जास्त खपानेही पावणेसहा दिवस चालतात. पण ३०० + ४०० वजा ५६ म्हणजे ६४४, गोडाऊनबाहेर. तेव्हा त्या दोन महिन्यांत पुरवठादाराशी बोलून पंधरा टनच मागवायचं ठरवलं, गाडीतली उरलेली जागा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो. ३०० + ३०० वजा ५६ होतात ५४४. सूत्राचं मूळ उत्तर ३००च होतं, त्यामुळे खर्चाच्या बाजूनेही नुकसान नाही. इशारा पातळी ओलांडून आठवडे जातील असा महापूर आला तर ही पोतीही पुरणार नाहीत, पण तेव्हा कामगार आणि तयार कास्टिंगच्या गाड्याही अडकतात, मग वाळू तरी कुणासाठी कालवायची?

रोज कार्ड पाहण्यावर मी विसंबत नाही. स्टोअरचे मामा पंचवीस वर्षं इथे आहेत, त्यांना कागदापेक्षा थप्पी कळते. सोळा पोत्यांच्या तेरा थप्प्या म्हणजे नेमकी २०८. तेवढ्या भिंतीला लावून त्यांच्यापुढे जमिनीवर लाल रेघ मारली, आणि ३०० साठी पिवळी. नवीन गाडी आली की ती समोरच्या भिंतीला लागते आणि रेघाही त्या बाजूच्या धरायच्या, म्हणजे जुनी पोती कोपऱ्यात कुजत नाहीत. रेघेपुढची पोती संपली आणि आतल्या पहिल्या पोत्याला हात लागला की कळवायचं, एवढाच नियम. साहेबांनी बेंटोनाइटच्या पीओवर त्याच दिवशी सही करायची, हेही ठरलं.

यंदा जुलैच्या दोन तारखेला मी बसमधून उतरत होते तेव्हा मामांचा फोन आला. "ताई, पिवळ्या रेघंला हात लागला बघा. गाडी सांगा."

ऑफिसात पोचून मी पर्स ठेवायच्या आधी ऑर्डर लावली.