लिटरचं तूप आणि चार तुटक्या नानकटाया

"ताई, रेसिपीला काय काय किती लागतं ते मला पाठ आहे. पण एका बॉक्सची कॉस्टिंग तुम्ही नेमकी कशी काढता?"

आधी माझी चूक सांगते. तूप-वेलचीच्या १२ नानकटायांचा बॉक्स मी व्हॉट्सअॅपवर १५० रुपयांना विकायचे. कुरियरचे पैसे वेगळे. वहीत एका बॉक्सचा खर्च ९४ रुपये लिहिला होता, म्हणजे ५६ रुपये सुटतात असं धरून मी खुशीत होते. दिवाळीत चिक्कार ऑर्डरी झाल्या, आणि पाडव्याला डबा उघडून पाहिला तर त्यात जेमतेम पुढच्या महिन्याच्या मैद्यापुरते पैसे. मग एका बॅचमागे हात धुऊन लागले.

माझी एक बॅच अशी: मैदा ५०० ग्रॅम, बेसन १००, रवा ५०, पिठीसाखर ३००, तूप ३५०, ४ ग्रॅम वेलची, वरून २० ग्रॅम पिस्त्याचे काप, शिवाय चिमूटभर मीठ-सोडा-बेकिंग पावडर. तूप सोडून या सगळ्याचे मला साधारण १०३ रुपये ५० पैसे पडतात, म्हणजे खरा खेळ तुपाचाच. आणि पहिली चूकही तिथेच होती. तूप ६४० रुपये लिटर, म्हणून मी ३५० ग्रॅमचे २२४ रुपये मांडले होते. पण लिटर म्हणजे किलो नव्हे. तूप पाण्यापेक्षा हलकं असतं. डब्यावर लिटरच्या शेजारी बारीक अक्षरात ग्रॅम छापलेले असतात, माझ्या डब्यावर ते ९०५ आहेत. म्हणजे ग्रॅमला ६४ पैसे नाही, जवळजवळ ७१ पैसे. तेलाचंही असंच. काट्यावर ग्रॅममध्ये मोजणार असाल तर भावही ग्रॅमचाच काढा.

दुसरी गोष्ट, रेसिपीत ३५० लिहिलंय म्हणून ३५०च जातं असं नाही. आता मी डबा काट्यावर ठेवते, तूप काढते आणि डबा पुन्हा ठेवते. त्या दिवशी आधी १,२४० आणि नंतर ८८२ भरला. ३५८ ग्रॅम गेलं. वरचे आठ ग्रॅम चमच्याला, वाटीला आणि माझ्या बोटांना. हे तूपही माझ्याच पैशाचं, म्हणून हिशोबात ३५८ धरते. त्याचे झाले २५३ रुपये, आणि अख्ख्या बॅचचे ३५७.

आता भागायचं कशाने? पीठ साधारण १,३१० ग्रॅम होतं. २५ ग्रॅमचा एक गोळा, म्हणून कागदावर ५२ नानकटाया. मी ५२ ने भागायचे. प्रत्यक्षात थोडं पीठ परातीला राहतं आणि ५१ गोळे वळले जातात. माझ्या ओटीजीचा मागचा डावा कोपरा जास्त तापतो, तिथली एखादी करपट होते. काढताना एक तुटते. एक मी चव बघायला खाते (ही सुटणार नाही, प्रयत्न करून झाला), नाहीतर पहिल्या ट्रेच्या पुढचा सगळा घाणा अंदाजावर. बॉक्समध्ये जाण्याजोग्या हमखास ४८ उरतात. ३५७ भागिले ४८ म्हणजे नगाला ७ रुपये ४४ पैसे, आणि बॉक्सचा माल ८९ रुपयांचा. तुटक्या घरी चहाबरोबर जातात, त्यांचे पैसे मी परत मोजत नाही.

म्हणून माझ्या बॅच कार्डावर सर्वांत मोठ्या अक्षरात हा 'विकण्याजोगे नग' आकडा असतो. मे महिन्यात एकदा तो ४४ वर आला. उकाड्याने तूप पातळ झालं होतं, नानकटाया पसरल्या आणि बॉक्समधल्या साच्यात बसेनात. माल तेवढाच, पण नग ८ रुपये ११ पैशांना पडला. तेव्हापासून उन्हाळ्यात वळलेले गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये जातात.

पॅकिंगने तर मला पुरतं गंडवलं. रविवार पेठेत बॉक्सचा भाव १५ रुपये ऐकला आणि वहीत १५ लिहून मोकळी झाले. २०० बॉक्सचं बिल जीएसटी, छपाईची प्लेट आणि रिक्षा धरून ३,७०० झालं. मला जीएसटी परत मिळत नाही, म्हणून तो खर्चच. त्यातले १२ कोपरे चेपलेले किंवा शाई फासलेली म्हणून बाद. ३,७०० भागिले १८८, म्हणजे बॉक्स जवळजवळ २० रुपयांना. आतला साचा आणि बटर पेपर ५, लेबल ३, बाहेरचा खोका १४, बबल रॅप ४, चिकटपट्टी दीड, आभाराचं कार्ड अडीच. एकूण ५० रुपये. मी धरले होते बॉक्स आणि लेबल मिळून १८!

चिकटपट्टी मीटरवर मोजत बसू नका. नवा रोल फोडला की आतल्या पुठ्ठ्यावर तारीख लिहायची आणि संपला की मधल्या काळात किती पार्सलं गेली ते बघायचं. पन्नास रुपयांच्या रोलमध्ये तेहतीस पार्सलं गेली की दीड रुपया निघालाच. बटर पेपर, बबल रॅप, बेकिंग पावडर, सगळ्यांना हीच युक्ती.

आता बेरीज: माल ८९ आणि पॅकिंग ५०, झाले १३९. ओव्हनच्या विजेचे बॉक्सला ५ धरा. दीडशेतून उरले ६ रुपये, आणि माझी मजुरी अजून त्यात यायचीच आहे. त्यानंतर भाव २२० केला. चार नेहमीची गिऱ्हाइकं गेली.

शीटमध्ये मी फार काही करत नाही. `B` मध्ये पाकिटाची दिलेली किंमत, `C` मध्ये पाकिटातले ग्रॅम, `D` मध्ये काट्यावर गेलेले ग्रॅम:

```
=B2/C2*D2
```

भाव बदलला की गोंधळ होतो. घरात ६१० चा डबा असताना नवा ६४० ला आला, तर कुठला धरायचा? झालेल्या महिन्याचा नफा काढताना ज्या डब्यातलं तूप गेलं त्याचा. विक्रीचा भाव ठरवताना मात्र नव्याचा, कारण पुढचा डबा त्याच भावाने आणायचाय.

आणि महिनाअखेरीला एकदा मोजदाद. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा उरलेलं, म्हणजे खरा वापर. एप्रिलमध्ये तूप ५,२३५ ग्रॅम गेलं होतं. १३ बॅचला ३५८ प्रमाणे ४,६५४ हवं. ५८१ ग्रॅम, म्हणजे ४११ रुपयांचं तूप गायब. मी काटा तपासला, सेल बदलले, कार्डं पुन्हा बेरजेला घेतली. शेवटी जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी धंद्याचा डबा ओढला आणि नातवाच्या वरणभातावर चांगली पळीभर धार सोडली. "आता घरचा डबा कुठे शोधत बसू गं?" म्हणाल्या.

आता धंद्याचं तूप बेडरूमच्या कपाटात असतं.